खुणांच्या आड दडलेला मजकूर

सोसायटीच्या कार्यालयातून मोबाइलवर असा निरोप आला, तर वाचणारा बिचकतोच:

```
<p>देखभाल शुल्क &#8377;1,250<br>मुदत:&nbsp;<s>10 मे</s> 15 मे</p>
```

ही भाषा एचटीएमएलची आहे. मजकुराची मांडणी कशी करायची, हे ती ब्राउझरला सांगते. ब्राउझर खुणा वाचतो, त्याप्रमाणे मांडणी करतो आणि खुणा लपवतो. साध्या एसएमएसला मात्र ही भाषा कळत नाही. त्यामुळे एचटीएमएलमध्ये लिहिलेला निरोप तसाच एसएमएसने पाठवला की खुणाही अक्षरांसारख्याच छापल्या जातात.

कोनी कंसात असतो तो टॅग. `<p>` म्हणजे परिच्छेद सुरू आणि `</p>` म्हणजे संपला. `<br>` म्हणजे नवी ओळ. `&` ने सुरू होऊन `;` ने संपतो तो एका चिन्हाचा संकेत. `&nbsp;` ही नुसती मोकळी जागा आहे, तर `&#8377;` हे रुपयाचं चिन्ह. घोटाळा होतो तो इथेच. आकडा दिसला की नजर त्यावर जाते आणि ८,३७७ रुपये भरायचे आहेत असं वाटतं. पण तो रुपयाच्या चिन्हाचा युनिकोडमधला क्रमांक आहे. खरी रक्कम अर्धविरामानंतर आहे, १,२५० रुपये. अख्खा मराठी शब्दही असा आकड्यांत येऊ शकतो: `&#2344;&#2379;&#2335;&#2368;&#2360;` म्हणजे ‘नोटीस’.

म्हणून सगळे टॅग खोडून उरलेलं वाचावं, असं अनेकांना वाटतं. मला ते धोक्याचं वाटतं, कारण काही टॅग अर्थच बदलतात. वरच्या निरोपात `<s>` आणि `</s>` यांच्यामधला मजकूर काट मारलेला आहे. म्हणजे १० मे रद्द, मुदत १५ मेपर्यंत. टॅग खोडले तर ‘10 मे 15 मे’ एवढंच उरतं आणि कोणती तारीख धरायची ते कळत नाही. तसंच `10<sup>5</sup>` मधला `<sup>` आकडा वर चढवतो. तो काढला की दहाचा पाचवा घात, म्हणजे एक लाख, नुसता १०५ होऊन बसतो.

कधी `&amp;#8377;` असंही दिसतं. `&amp;` हा खुद्द `&` चा संकेत. मजकूर दोनदा संकेतांत बदलला गेला की असा दुहेरी थर चढतो. तो एकेक करून उतरवायचा: आधी `&amp;` च्या जागी `&` ठेवा, मग `&#8377;` मिळेल आणि त्यातून ₹.

निरोप लांबलचक असेल आणि पाठवणारा ओळखीचा असेल, तर तो नोटपॅडमध्ये चिकटवून, एन्कोडिंग UTF-8 ठेवून `nirop.html` अशा नावाने जतन करा आणि ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. काट मारलेल्या तारखेसकट सगळं नीट दिसेल. तरीही संकेत दिसले, तर अजून एक थर उरला आहे: पडद्यावरचा मजकूर उचलून पुन्हा तसंच करा. अनोळखी निरोपाला मात्र हा उपाय नको, कारण त्यात `<script>` दडलेला असेल तर ब्राउझर तोही चालवतो.