गोठणाऱ्या समुद्राचे मीठ जाते कोठे?

श्रोतेहो, ध्रुवाकडील समुद्रावरचा काही वर्षांचा जुना बर्फ वितळवला, तर ते पाणी पिण्याइतके गोडे लागते. मग त्यातले मीठ गेले कोठे? आजचा सारा विषय ह्या एका प्रश्नात आहे.

एक किलो समुद्रपाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. म्हणून ते शून्य अंशावर गोठत नाही, उणे 1.9 अंशांच्या आसपास गोठते. बर्फाचा स्फटिक बांधला जातो तेव्हा त्याच्या रचनेत मिठाला जागा नसते. थोडे मीठ बारीक पोकळ्यांत अडकते. बाकीचे अतिखारट पाणी होऊन खाली झिरपते. हे पाणी थंड आणि खारट, म्हणून जड, ते बुडते.

हिशेब करून पाहू. एक चौरस मीटरवर एक मीटर जाडीचा बर्फ म्हणजे सुमारे 900 किलो. किलोमागे 24 ग्रॅम मीठ बाहेर पडले, तर वीस किलोंहून अधिक मीठ खाली गेले. परंतु जाड झालेला बर्फ पांघरुणासारखा होतो आणि पुढचे गोठणे मंदावते. शिवाय तो तेथेच वितळला, तर गोडे पाणी परत मिसळून हिशेब फिटतो. तेव्हा खरे जड पाणी तयार होते ते जेथे वारा नवा बर्फ सतत दूर नेतो तेथे. अशा उघड्या जागेला पोलिन्या म्हणतात.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस, मर्ट्झ हिमनदीची लांब जीभ समुद्रात आली होती. पूर्वेकडून वाहत येणारा बर्फ ती अडवी, आणि खंडावरून उतरणारे वारे तिच्या पश्चिमेचा नवा बर्फ बाहेर लोटीत. तेथले जड पाणी खंडाच्या कडेवरून उतरून महासागराच्या तळाशी जाई. फेब्रुवारी 2010 मध्ये एक मोठा हिमनग आदळला आणि जिभेचा सुमारे 78 किलोमीटर लांबीचा तुकडा तुटला. थंडी कमी झाली नव्हती; आडोसा मात्र गेला. वाहता बर्फ आत शिरला, उघडे पाणी आक्रसले आणि नवा बर्फ कमी बनू लागला. पुढे जहाजांनी पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा तेथले खोल पाणी पूर्वीपेक्षा कमी खारट व हलके निघाले.

मात्र सारे श्रेय मिठाला देऊ नये. उत्तर अटलांटिकमध्ये पाणी बुडते ते मुख्यतः थंड झाल्यामुळे. आणि तळाचे पाणी पुन्हा वर आणण्याचे काम वारे व भरती-ओहोटी करतात. तथापि अंटार्क्टिकाभोवती समुद्र किती बर्फाने झाकला आहे एवढेच पाहून भागत नाही. किती नवा बर्फ बनला आणि किती बाहेर गेला, हे विचारले पाहिजे.