‘वेगवान’ म्हणजे किती सेकंद?

सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या कोणत्याही संस्थेचे रिक्वायरमेंट डॉक्युमेंट उघडावे. ‘प्रणाली वेगवान असावी’, ‘वापरायला सोपी असावी’, ‘आवश्यकतेनुसार अहवाल मिळावेत’ अशी वाक्ये त्यात हमखास सापडतात. बैठकीत या वाक्यांवर कोणी हरकत घेत नाही, कारण संथ आणि अवघड प्रणाली कोणालाच नको असते. प्रत्येक जण आपापल्या मनातला अर्थ धरून मान डोलावतो आणि पुढच्या कलमाकडे वळतो. भांडण उभे राहते ते आठ-दहा महिन्यांनी, प्रणाली ताब्यात घेण्याच्या दिवशी. घेणारा म्हणतो, ही संथ आहे. देणारा म्हणतो, आमच्या कार्यालयात तर झटकन चालते. दोघेही खरे बोलत असतात आणि निवाडा करायला कागदावर काहीच नसते.

हे भांडण आधीच मिटवण्याची जागा म्हणजे रिक्वायरमेंट रिव्ह्यू. प्रोग्रामची एकही ओळ लिहिण्यापूर्वी मागणी करणारे, बनवणारे आणि तपासणारे एकत्र बसून तो दस्तऐवज वाक्यावाक्याने वाचतात. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेने १९९८ साली काढलेल्या ८३० क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत यासाठी एक कसोटी दिलेली आहे. एखाद्या माणसाला किंवा यंत्राला मर्यादित खर्चात तपासून ‘पूर्ण झाली’ किंवा ‘झाली नाही’ असे सांगता येईल, तीच मागणी पडताळण्याजोगी. ‘चांगले चालावे’ हे वाक्य या कसोटीत नापास होते. पास होणाऱ्या वाक्याचा नमुनाही तिथेच आहे: घटना घडल्यावर ६० टक्के वेळा २० सेकंदांत आणि १०० टक्के वेळा ३० सेकंदांत निकाल मिळावा. पुढे तिची जागा घेणाऱ्या २९१४८ या आंतरराष्ट्रीय मानकात टाळायच्या शब्दांची यादीच आली. ‘सर्वोत्तम’, ‘वापरायला सोपे’, ‘शक्य असल्यास’, ‘कमीत कमी’ हे सगळे त्या यादीत आहेत.

यादी हाताशी ठेवून शब्दांना लाल गोल करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. खरा कस लागतो तो त्या शब्दाच्या जागी काय लिहायचे, हे ठरवताना.

समजा, एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाला केसपेपर काढण्यासाठी नवी प्रणाली हवी आहे. दस्तऐवजात वाक्य आहे: ‘रुग्णाची जुनी नोंद वेगाने सापडावी.’ रिव्ह्यूमध्ये टेस्टर विचारते, वेगाने म्हणजे किती? कोणीतरी पटकन म्हणतो, ‘दोन सेकंद लिहा.’ इथेच पहिला घोटाळा होतो. दोनच का, पाच का नाहीत, याचे उत्तर कोणाकडेच नसते. असा हवेतला आकडा ‘वेगवान’ या शब्दाइतकाच पोकळ असतो. उलट तो अधिक घातक, कारण आकडा दिसला की लोक प्रश्न विचारणे थांबवतात.

आकडा कामातून काढावा लागतो. या रुग्णालयात सकाळी ९ ते १२ केसपेपर निघतात, रोज साधारण ९०० रुग्ण येतात आणि खिडक्या सहा आहेत असे धरू. म्हणजे एका खिडकीवर १५० रुग्ण आणि १८० मिनिटे. एका रुग्णाच्या वाट्याला ७२ सेकंद येतात. आता खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला बैठकीत बोलवायचे आणि त्याआधी एक सकाळ त्याच्याशेजारी घड्याळ घेऊन बसायचे. नाव, वय, पत्ता, तक्रार विचारून टाइप करण्यात ५० सेकंद जातात, छपाईला ७ आणि पैसे घेऊन कागद हातात देण्यात ८. हे झाले ६५. संगणकाची वाट पाहायला उरतात फक्त ७ सेकंद आणि त्यात दोन कामे बसवायची आहेत, जुनी नोंद शोधणे आणि नवी जतन करणे. शोधाला ३, जतन करायला २ आणि अडीअडचणीला २ अशी वाटणी केली, तर शोधाच्या ३ सेकंदांना आता आधार आहे. पुढे कोणी ‘५ केले तर चालतील का’ असे विचारले, तर रांग कितीने लांबेल हे हिशेबाने सांगता येते.

पण ‘शोध ३ सेकंदांत व्हावा’ हे वाक्यही अजून अर्धवट आहे. मोजायला कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे? बटण दाबल्यापासून यादी पडद्यावर दिसेपर्यंत, की सर्व्हरने उत्तर पाठवेपर्यंत? रुग्णालयाच्या जाळ्याचा वेग कमी असेल, तर या दोहोंत कितीतरी सेकंदांचा फरक पडतो. चाचणीच्या वेळी साठ्यात नोंदी किती असतील? पाचशे नमुना नोंदींवर विजेसारखा चालणारा शोध २० लाख नोंदींवर अडखळतो, आणि ‘आमच्या कार्यालयात झटकन चालते’ या दाव्याचे मूळ बहुतेक वेळा इथेच असते. खिडकी एक चालू की सहाही? या अटी वाक्यातच हव्यात, नाहीतर प्रत्येक जण आपल्या सोयीची परिस्थिती गृहीत धरून मोजतो.

मग येतो सरासरीचा प्रश्न. ‘सरासरी ३ सेकंद’ हे अनेकांना पुरेसे वाटते. पण १०० पैकी ९० शोध एका सेकंदात झाले आणि १० शोधांना २० सेकंद लागले, तरी सरासरी २.९ येते आणि मागणी पूर्ण झाली असे म्हणावे लागते. सकाळभराचा एकूण हिशेब कदाचित जुळेलही. मात्र संथ शोध असे विखरून येत नाहीत, ते गर्दीच्या वेळी एकामागोमाग येतात. शिवाय पडदा कोरा राहिला की माणूस थांबत नाही. उपयोजकतेचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी १९९३च्या पुस्तकात तीन मर्यादा मांडल्या. ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्क्षणी आल्यासारखे वाटते, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते आणि १० सेकंदांनंतर लक्ष उडते. लक्ष उडालेला कारकून पुन्हा बटण दाबतो, किंवा जुन्या रुग्णाची नवीच नोंद करून मोकळा होतो. मग त्या रुग्णाचे आधीचे तपासणी अहवाल डॉक्टरांसमोर येतच नाहीत.

म्हणून जाणकार टक्केवारीची भाषा वापरतात. रिव्ह्यूनंतर ते वाक्य असे होते: ‘सहाही खिडक्या चालू असताना आणि साठ्यात २० लाख नोंदी असताना, शोधाचे बटण दाबल्यापासून यादी पडद्यावर दिसेपर्यंतचा वेळ किमान ९५ टक्के शोधांत ३ सेकंदांपेक्षा जास्त नसावा.’ उरलेल्या पाच टक्क्यांचे काय, याला वेगळे कलम: ‘८ सेकंदांत उत्तर न आल्यास तसा संदेश दिसावा आणि तात्पुरता केसपेपर काढता यावा.’ दोन मागण्या एका वाक्यात कोंबल्या, तर एक पास आणि दुसरी नापास झाल्यावर निकाल काय लिहायचा ही पंचाईत होते. आता टेस्टर त्याच बैठकीत चाचणी लिहू शकते: हजार शोध, हीच परिस्थिती, ९५० किंवा अधिक शोध ३ सेकंदांत झाले तर पास.

या आकड्यालाही एक पळवाट आहे आणि अनुभवी रिव्ह्यूअर ती शोधतोच. शोध वेगवान करण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे कमी शोधणे. टाइप केलेले स्पेलिंग जसेच्या तसे जुळले तरच नोंद दाखवली, तर उत्तर क्षणात येते. पण एकाच बाईचे नाव एका खेपेला Vaishali आणि दुसऱ्या खेपेला Waishali असे लिहिलेले असते, आडनाव कधी Choudhari तर कधी Chaudhary. नोंद साठ्यात असूनही ‘सापडली नाही’ असे तीन सेकंदांच्या आत दिसेल आणि कलम मात्र पूर्ण झालेले असेल. म्हणून वेगाच्या कलमाला अचूकतेचे जोडकलम लागते: रुग्णालयाने निवडलेल्या, वेगवेगळ्या स्पेलिंगच्या २०० नावांपैकी किमान १९० नावांची योग्य नोंद पहिल्या दहा निकालांत यावी. एकच गुण मोजायला लागले की दुसरा त्याची किंमत मोजतो, आणि हे शोधून काढणे हा रिव्ह्यूचा सर्वात मोलाचा भाग आहे.

‘वापरायला सोपी’ हा शब्द याहून चिवट. अनेकांना वाटते की सोपेपणा ही भावना आहे, ती मोजता येत नाही. आयएसओ ९२४१च्या ११व्या भागाने ही समजूत मोडली. तिथे उपयोजकता ठरते ती ठरावीक माणसांना, ठरावीक काम, ठरावीक परिस्थितीत किती अचूक, किती कमी श्रमात आणि किती समाधानाने करता येते यावरून. म्हणजे ‘सोपी’ला आधी ‘कोणाला’ हा प्रश्न विचारायचा. केसपेपरच्या बाबतीत उत्तर मिळेल: बदलीवर आलेल्या, ही प्रणाली कधी न पाहिलेल्या कारकुनाला. मग कलम होते: ‘अर्ध्या तासाच्या प्रशिक्षणानंतर अशा २० कर्मचाऱ्यांपैकी किमान १८ जणांनी, कोणाची मदत न घेता, एक नवी आणि एक जुनी नोंद बिनचूक पूर्ण करावी.’ समाधान मोजायला जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली आजही वापरतात. तिचे गुण ० ते १०० मध्ये येतात.

इथे एक सावधगिरी हवी. २० पैकी १८ जण पास झाले म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांपैकी ९० टक्के पास होतील, असे सिद्ध होत नाही. एवढ्या लहान नमुन्यात खरे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपासही असू शकते. तो आकडा प्रणाली स्वीकारण्याची दोघांनी मान्य केलेली अट आहे, एवढाच त्याचा अर्थ.

सगळे आकडे एका बैठकीत मिळत नाहीत. खिडकीवर आज किती वेळ लागतो हे कोणी मोजलेलेच नसेल, तर तीन सेकंदांची मागणी वाजवी आहे की अवाजवी, कोण सांगणार? टॉम गिल्ब यांच्या पद्धतीत म्हणूनच प्रत्येक गुणासमोर मोजण्याचे परिमाण, मोजण्याची रीत, आजची स्थिती, चालवून घेण्याजोगी किमान पातळी आणि गाठायचे उद्दिष्ट अशा वेगळ्या ओळी असतात. किमान आणि उद्दिष्ट वेगळे ठेवल्याने खर्चाची चर्चा सुरू होते. ३ सेकंदांवरून १ सेकंदावर यायला नवा सर्व्हर लागणार असेल, तर त्या पैशात सातवी खिडकी उघडणे रुग्णांच्या अधिक सोयीचे ठरेल.

आकडा नसेल तिथे ‘ठरायचे आहे’ असे लिहायला आयईईईची मार्गदर्शिकाही मुभा देते, पण मोकळे नाही. तो आकडा का ठरला नाही, कशाने ठरेल, कोण ठरवेल आणि कधीपर्यंत, हे सोबत लिहावे लागते. रुग्णालय, पतसंस्था, शाळा, गृहनिर्माण सोसायटी अशा कुठल्याही ठिकाणी ज्यांच्यावर अशा दस्तऐवजावर सही करण्याची वेळ येईल, त्यांनी सहीपूर्वी प्रत्येक विशेषणासमोर त्याची चाचणी लिहून मागावी, आणि चाचणी नसेल तिथे एक नाव आणि एक तारीख.