कढीपत्त्यावरची अळी कोणाची?

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसते. जवळून पाहिले की ती हलते! काळपट-तपकिरी अंगावर पांढरे डाग असलेली ती अळी असते. तिचा फोटो पाहून नाव सांगणे मात्र अवघड, कारण लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन या दोन्ही फुलपाखरांच्या लहान अळ्या अशाच दिसतात आणि दोन्ही कढीपत्ता खातात.

अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातीनंतर ती एकदम हिरवी होते आणि अंगावर तिरके पट्टे येतात. आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी ठेवले तर दोन वेगळे कीटक वाटतात. हिरव्या अळीचा पाठीवरून काढलेला एकच फोटो पुरत नाही. बाजूचे पट्टे आणि पायही दिसायला हवेत. शिवाय ती कोणत्या झाडावर होती, याची नोंद लागते.

खात्रीचा मार्ग म्हणजे अळी पाळणे. हवेशीर डब्यात रोज त्याच झाडाची ताजी पाने द्यायची आणि प्रत्येक कातीनंतर फोटो काढायचा.

इथेही फसगत होते. कधी कोषातून फुलपाखराऐवजी गांधीलमाशीच्या गणातले बारीक परजीवी कीटक निघतात. फुलपाखरू निघाले, तरी कॉमन मॉरमॉनच्या माद्या तीन रूपांच्या असतात: एक नरासारखी, तर दोन कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या विषारी फुलपाखरांची नक्कल करणाऱ्या. म्हणजे एकसारख्या अळ्यांतून वेगवेगळी दिसणारी फुलपाखरे निघू शकतात.