निःशब्द विनोदाचे पटकथालेखन : एका फजितीचे दृश्य

संवादावर आधारलेला विनोद कागदावर वाचतानाही हसू आणतो. शारीरिक फजितीचा, म्हणजेच स्लॅपस्टिक प्रकारचा विनोद मात्र कागदावर फार लवकर निष्प्राण होतो. ‘माळी पाइपमध्ये डोकावतो आणि पाण्याने भिजतो’ हे वाक्य अचूक आहे, पण त्यात हसण्यासारखे काहीच नाही. असे का होते, ते ल्युमिएर बंधूंच्या १८९५ सालच्या एका लघुपटाच्या आधारे पाहू. जेमतेम पाऊण मिनिटाचा हा पट पडद्यावरच्या आरंभीच्या विनोदी कथांपैकी एक मानला जातो.

माळी बागेला पाणी घालत असतो. मागून एक मुलगा येऊन पाइपवर पाय ठेवतो. धार थांबते. माळी पाइपचे तोंड निरखून पाहू लागतो, मुलगा पाय उचलतो आणि पाण्याचा फवारा माळ्याच्या तोंडावर बसतो. माळी मुलाला पकडून चोप देतो. कॅमेरा एकाच जागी स्थिर आहे. पाय आणि चेहरा दोन्ही एकाच चौकटीत असल्यामुळे माळ्याला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला आधीच ठाऊक होते. या विनोदाचा पाया तोच आहे. पाय लपवला, तर फवारा हा केवळ एक अपघात उरेल.

आता हेच दृश्य प्रतिक्रियांचे स्वतंत्र शॉट योजून लिहू.

बाग. दिवस. माळी पाणी घालतो आहे. मागे मुलाचा पाय पाइपवर.
धार बारीक होते. थेंब. बंद.
माळी पाइप झटकतो. पुन्हा झटकतो, या वेळी दोन्ही हातांनी, सर्वांग हलवून.
तो पाइपचे तोंड डोळ्यापाशी आणतो.
मुलाचा चेहरा. तो माळ्याकडे पाहतो. मग स्वतःच्या पायाकडे.
पाय उचलला जातो.
माळ्याचा डोळा. काहीच घडत नाही. तो आणखी जवळ वाकतो.
फवारा. टोपी उडते.
माळी निश्चल. नाकाच्या शेंड्यावरून पाणी ठिबकते.

येथे प्रत्येक ओळ म्हणजे एक शॉट आहे. वाचकाची नजर ओळ संपल्यावर क्षणभर थांबते, आणि लेखकाच्या हाती असलेला काळ तो एवढाच. ‘बराच वेळ’, ‘अचानक’ असे शब्द घालून हा विराम निर्माण होत नाही; उलट ‘अचानक’ हा शब्द फवाऱ्याच्या आधी पोहोचून त्याची वर्दी देतो.

सर्वांत महत्त्वाची ओळ ‘काहीच घडत नाही’ ही आहे. पाय उचलला गेला म्हणजे पाणी येणारच, हे प्रेक्षकाने गृहीत धरलेले असते. पाइपमधून पाणी पुढे सरकायला थोडा अवधी लागतो, त्यामुळे हा विलंब खोटा वाटत नाही. त्या अवधीत माळी स्वतःहून आणखी जवळ वाकतो, म्हणजे फजितीत त्याचा स्वतःचा हातभार लागतो. असा विलंब एकदाच पुरतो. दुसऱ्यांदा ‘काहीच घडत नाही’ लिहिले, की प्रेक्षक पाण्याऐवजी लेखकाची वाट पाहू लागतो.

मुलाच्या चेहऱ्याचा शॉट फवाऱ्याच्या आधी येतो, हेही ध्यानात घ्या. नवे लेखक बहुधा घटना घडल्यावर हसणारा चेहरा दाखवतात. त्यातून प्रेक्षकाला हसण्याची आज्ञा केल्यासारखे होते. आधी आलेला चेहरा निर्णय दाखवतो. ‘मुलाच्या मनात खोडी येते’ असे मात्र लिहू नये. मन चित्रित करता येत नाही, नजरेची दिशा करता येते.

अतिशयोक्त हालचालीचे स्थान मर्यादित ठेवावे. माळी दुसऱ्यांदा पाइप झटकताना सर्वांग हलवतो, कारण पहिला प्रयत्न फसलेला असतो. हालचाल गरजेतून वाढते. फवाऱ्यानंतर मात्र तो निश्चल होतो. तेथेही हातपाय झाडले असते, तर दोन मोठ्या हालचालींनी एकमेकींना झाकून टाकले असते. बस्टर कीटनच्या १९२८ सालच्या ‘स्टीमबोट बिल, ज्युनियर’मध्ये घराची अख्खी दर्शनी भिंत नायकावर कोसळते आणि खिडकीच्या उघड्या चौकटीमुळे तो वाचतो. भिंत प्रचंड, माणूस स्तब्ध. परिणाम साधतो तो या विषम प्रमाणामुळे.

शॉटची अंतिम लांबी संकलकच ठरवतो, म्हणून सेकंदांचे आकडे लिहून फारसे साधत नाही. मसुदा तपासण्यासाठी तो एखाद्याला मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणारा फवाऱ्याच्या ओळीआधीच हसू लागला, तर मांडणी जमली आहे. त्याने ‘पाय कुणाचा?’ असे विचारले, तर पहिली ओळ पुन्हा लिहावी लागेल.

सराव : मूळ लघुपटात माळी पळणाऱ्या मुलाला ओढून पुन्हा कॅमेऱ्यासमोर आणतो. वरील दृश्य तेथपर्यंत पाच ओळींत पुढे न्या. एकही विशेषण वापरू नका.