आधी डोळे, मग मान

स्वागतकक्षात ठेवायचा छोटा रोबो बनवायचा तर लागणारे सामान आता सहज मिळते. रास्पबेरी पाय हा लहानसा संगणक, एक कॅमेरा, डोळे दाखवायला छोटा स्क्रीन आणि मान वळवायला सर्वो मोटर. खरी मेहनत लागते ती रोबोची नजर जमवायला. समोर आलेल्या माणसाकडे तो नीट पाहत नसेल, तर त्याच्याशी बोलावेसे कोणालाच वाटत नाही.

कॅमेऱ्याच्या चित्रातला चेहरा शोधून त्याभोवती चौकट आखण्याचे काम ओपनसीव्ही हे मोफत सॉफ्टवेअर करते. समजा, चित्र ६४० पिक्सेल रुंद आहे आणि कॅमेऱ्याला सुमारे ६२ अंशांचा पट्टा दिसतो. म्हणजे साधारण दहा पिक्सेलला एक अंश. चित्राचा मध्य ३२० वर आणि चेहरा ४८० वर असेल, तर मान अंदाजे १६ अंश वळायला हवी.

पण सर्वोला एकदम १६ अंश वळवले की घोटाळा होतो. कॅमेरा डोक्यावरच बसवलेला असतो आणि चित्र तपासायला थोडा वेळ लागतो. त्यामुळे मान वळत असताना प्रोग्रामच्या हाती क्षणभर आधीचेच चित्र असते. त्यात चेहरा अजून बाजूला दिसतो, म्हणून तो आणखी वळायला सांगतो. मान चेहऱ्याच्या पलीकडे जाते, मग मागे येते आणि माणूस स्तब्ध उभा असला तरी रोबो नकार दिल्यासारखा डोके हलवत राहतो. यावर उपाय असा, की दर चित्रामागे उरलेल्या फरकाचा पाचवा हिस्साच वळायचे. इथे पहिल्यांदा सुमारे तीन अंश. फरक चार अंशांच्या आत आला की थांबायचे.

एवढे करूनही मान थरथरली किंवा संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर आधी वीजपुरवठा तपासावा. सर्वोला वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा, मात्र दोन्हींची ग्राउंडची तार जोडलेली हवी.

सावकाश वळणारी मान सुस्त दिसेल, अशी शंका येईल. तिथे डोळे कामाला येतात. माणूस बाजूला पाहतो तेव्हा सहसा आधी त्याचे डोळे वळतात, मग मान. स्क्रीनवरची बुबुळे त्याच उरलेल्या फरकाइतकी सरकवली, की ती लगेच पाहुण्याकडे जातात आणि मान वळत येईल तशी आपोआप मध्यावर परततात. माझ्या मते या सगळ्या बांधणीतली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे. तिला वेगळा खर्च लागत नाही. मधूनमधून, थोड्या अनियमित अंतराने पापणी मिटवली की डोळे जिवंत वाटतात.

रोबो काचेच्या दरवाजाकडे तोंड करून ठेवू नका. पाठीमागून उजेड आला की पाहुण्याचा चेहरा काळवंडतो आणि चौकट नाहीशी होते. चेहरा शोधायला चित्र साठवावे लागत नाही, तेव्हा ते साठवू नका आणि तसे लिहिलेली पाटी टेबलावर ठेवा.