हळदीची बातमी, हारतुऱ्यांविना

जिल्हा आवृत्तीच्या कचेरीत रोज येणारी प्रसिद्धिपत्रके बहुतेक एकाच साच्यातली असतात. पहिल्या ओळीत कोणा माननीयांचे शुभहस्ते, दुसरीत प्रमुख पाहुणे, तिसरीत दीपप्रज्वलन. वस्तू काय आणि ती कुठे मिळते, हे शेवटच्या परिच्छेदात सापडते, तेही कधीकधीच. अडचण अशी की जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो. मग छापून येतात ते पाहुणे, आणि वस्तू जाते केराच्या टोपलीत.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मिरज तालुक्यातला बारा जणींचा बचत गट. आतापर्यंत घरची हळद सौद्याला पाठवायचा, आता पूड करून पाकिटात विकणार आहे. बातमी एवढीच आहे आणि ती पहिल्याच वाक्यात मावते: ‘मिरज तालुक्यातील बारा शेतकरी महिलांच्या बचत गटाने स्वतःच्या शेतातील हळदीची पूड बाजारात आणली असून, २५० ग्रॅमचे पाकीट ९० रुपयांना गावच्या आठवडी बाजारात रविवारपासून मिळेल.’ कोणी, काय, केवढ्याला, कुठे, कधी हे सगळे यात आले. पुढची दोन-तीन वाक्ये खुशाल कापली जावोत. उद्घाटन कोणी केले हे शेवटी लिहावे. गावात राहायचे तर ते लिहावेच लागते.

खरी गंमत आकड्यांत असते. समजा, गटाने लिहिले, ‘पहिल्याच हंगामात ५० क्विंटल हळदीवर प्रक्रिया, १० लाखांची उलाढाल.’ सांगलीकडचा उपसंपादक लगेच विचारेल, ओली की वाळलेली? काढणीनंतर कंद शिजवून वाळवले की वजन साधारण पाचव्या हिश्श्यावर येते. म्हणजे ५० क्विंटल ओल्या हळदीची वाळलेली हळद सुमारे १० क्विंटल. पॉलिश करताना आणि दळताना थोडी घट येते. ती सोडून दिली तरी १,००० किलोची २५० ग्रॅमची पाकिटे होतात ४,०००, आणि ९० रुपयांनी त्यांचे होतात ३ लाख ६० हजार. मग दहा लाख आले कुठून? कदाचित गटाने वाळलेली हळकुंडेही विकली असतील, कदाचित आकडा पुढच्या वर्षाच्या अपेक्षेचा असेल. खुलासा नसेल तर उपसंपादक पूर्ण वाक्यच काढतो, आणि त्याचे बरोबरच आहे. म्हणून पत्रकात वजन ओले की सुके, विक्री कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंतची, आणि ती प्रत्यक्ष झालेली की अंदाजे, हे लिहावे. उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हेही गटातल्या कुणाला तरी माहीत असलेले बरे. ‘दहा लाख कमावले’ असा मथळा छापून आला की उधारी मागणारे दारात येतात.

दुसरी कात्री विशेषणांवर चालते. ‘महाराष्ट्रातील पहिलीच’ हे सिद्ध कोण करणार? ‘मधुमेह बरा करणारी’ हे तर लिहूच नये. १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्यात मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातबाजीला मनाई आहे आणि खाद्यपदार्थांवरील दाव्यांना अन्नसुरक्षेचे वेगळे नियम आहेत. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण शेत सांगली जिल्ह्यात आहे म्हणून ते नाव आपोआप पाकिटावर लावता येत नाही. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. नोंदणी नसेल तर ‘मिरज तालुक्यात पिकलेली’ असे साधे लिहावे. ते खरे आहे आणि गिऱ्हाइकाला कळते.

पत्रक पाठवण्याची पद्धतही निकाल लावते. लेटरहेडवर छापून, त्याचा मोबाइलने फोटो काढून धाडलेला मजकूर कोणाला तरी पुन्हा टंकलिखित करावा लागतो, आणि संध्याकाळी पाने लावण्याच्या घाईत तेवढा वेळ कोणाकडे नसतो. युनिकोडमध्ये टाइप केलेला, दीडशे शब्दांच्या आतला मजकूर थेट पानात जातो. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की आकसतो, छापल्यावर चेहरे पुसट दिसतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पंधरा जणांची रांग एका कॉलमात ओळखू येत नाही. दोघी-तिघी, हातात पाकीट, खाली डावीकडून नावे, एवढे पुरते.

दर आणि दुकानाचा पत्ता जास्तच ठळक झाला तर मात्र बातमीदार हसून जाहिरात विभागाचा नंबर देतो. दर एकदाच आला की ती माहिती. पाचदा आला, सोबत ‘आजच खरेदी करा’ आले, की ती जाहिरात, आणि तिचे पैसे पडतात. पत्रकाच्या तळाशी संपर्काचा मोबाइल नंबर द्यावा तो मात्र अशा बाईंचा, ज्या संध्याकाळी सातला फोन उचलतील आणि ओली की सुकी, याचे उत्तर एका दमात देतील.