दोन कप्प्यांमधली सामाईक भिंत

मर्यादित घनफळ पद्धतीत जागेचे कप्पे पाडतात. दोन कप्प्यांमधल्या भिंतीवरून जाणाऱ्या प्रवाहाचा एकच आकडा काढतात. तो एका कप्प्यातून वजा होतो आणि शेजारच्यात जमा, म्हणून मधे काहीच हरवत नाही.

बर्गर्स समीकरण घ्या: डावीकडे वेग १, उजवीकडे ०. प्रवाह म्हणजे वेगाच्या वर्गाचा निम्मा. पहिल्या रिकाम्या कप्प्यात सेकंदाला ½ येते, बाहेर काहीच जात नाही; आघात-लहर ½ वेगाने सरकते. हेच खरे उत्तर.

तेच समीकरण ‘वेग गुणिले उतार’ असे सोडवले, तर रिकाम्या कप्प्यात वेग शून्य, म्हणून बदलही शून्य. कप्पे कितीही बारीक करा, लहर हलत नाही. घातक हे, की चित्र अगदी स्वच्छ दिसते. चूक पकडते ती बेरीज: ती सेकंदाला ½ने वाढायला हवी.